व्हीपीएन चालू, तरी नाव दिसतंच

“दादा, व्हीपीएन लावलं की आपण नेटवर कुणालाच दिसत नाही,” गणपतीला घरी आलेला मामेभाऊ छातीठोकपणे म्हणाला. फोनवर नेदरलँड्सचा सर्व्हर जोडलेला होता.

“बरं, तुझं खरेदीचं अ‍ॅप उघड.”

उघडलं. वर त्याचं नाव, खाली घरचा पत्ता, कार्टमध्ये कालचे बूट. तो ओशाळला.

व्हीपीएन काम करतं, पण मर्यादित. ते फोन आणि व्हीपीएन कंपनीच्या सर्व्हरमध्ये कुलूपबंद वाट तयार करतं. त्यामुळे इंटरनेट पुरवणाऱ्याला कोणती साइट उघडली ते सहसा कळत नाही, आणि साइटला आपल्याऐवजी त्या सर्व्हरचा आयपी पत्ता दिसतो. लॉगिन मात्र तसंच राहतं. ब्राउझरमधल्या जुन्या कुकीजही राहतात. पत्ता बदलला तरी त्यांच्यावरून साइट ओळखते की हा कालचाच गडी.

“मग प्रायव्हेट विंडो उघडतो!”

कुकीज टळतील. पण स्क्रीनचा आकार, फॉन्ट, भाषा, टाइमझोन यांच्या मेळातूनही ब्राउझर ओळखता येतो. आयपी अ‍ॅमस्टरडॅमचा आणि फोनचं घड्याळ Asia/Kolkata, हे तर साइटला लगेच खटकू शकतं.

“आणि व्हीपीएन कंपनीला काय दिसतं?” मी विचारलं. तो गप्प. इंटरनेटवाल्याला आधी जे दिसायचं, ते आता तिला दिसू शकतं. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल 2022च्या आदेशात तर व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची नावं, पत्ते आणि दिलेले आयपी निदान 5 वर्षं जपावेत असं म्हटलंय. काही कंपन्यांनी तेव्हा भारतातले सर्व्हरच काढून घेतले.

“माझं तर फुकटातलं आहे,” तो पुटपुटला.