लेगिंगवर मशीन टाके का सोडतं?

सुती ब्लाउजवर सुरेख टीप मारणारं घरचं मशीन लायक्रा मिसळलेल्या लेगिंगवर मात्र दोन टाके घालतं, तिसरा सोडतं. अशा वेळी बहुतेकांचा हात आधी दोऱ्याच्या ताणाच्या स्क्रूकडे जातो. तो राहू द्यावा. इथे दोष बहुधा सुईचाच असतो.

टाका कसा पडतो ते पाहिलं की कारण कळतं. सुई खाली जाऊन जेमतेम दोन मिलिमीटर वर येते, तेव्हा तिच्या नेढ्यामागे दोऱ्याचा छोटा फास फुगतो. शटलचं टोक त्यात शिरतं आणि टाका बसतो. लवचीक कापड सुईला चिकटून तिच्यासोबत वर उचललं जातं. मग फास फुगतच नाही, शटलचं टोक रिकामंच फिरतं आणि टाका सुटतो.

म्हणून स्ट्रेच सुई घ्यावी. तिचं टोक किंचित गोलसर असतं, त्यामुळे ती विणीचे धागे न तोडता त्यांच्यामधून वाट काढते. शिवाय नेढ्यामागची खाच खास घडवलेली असते, म्हणून शटलचं टोक दोऱ्याच्या अधिक जवळून जातं. जर्सी सुईचं टोकही गोलसर असतं आणि साध्या टी-शर्टच्या होजिअरीला ती पुरते. लायक्रा जास्त असेल तर मात्र मी सरळ स्ट्रेच सुईच लावते.

समजा, मशीनला ब्लाउजसाठी लावलेली १६ नंबरची सुई आहे आणि लेगिंगची बाजूची शिवण सुटते आहे. ही सुई एक मिलिमीटर जाड असते, पातळ लेगिंगला ती फारच जाड. तिच्या जागी ७५/११ ची स्ट्रेच सुई लावा. कापड जाडसर असेल तर ९०/१४ ची. सुई वर टेकेपर्यंत सरकवूनच स्क्रू आवळा, कारण ती जरा खाली राहिली तरी शटलशी मेळ चुकतो. चपटी बाजूही तपासा. दोरा ज्या बाजूने ओवतो, त्याच्या विरुद्ध बाजूला ती हवी. मग त्याच लेगिंगच्या दुहेरी तुकड्यावर, कापड मागून न ओढता, टीप मारून बघा.

तरीही एखादा टाका सुटलाच, तर कापडाखाली पातळ कागद ठेवून शिवा आणि नंतर तो फाडून काढा. कागदामुळे कापड सुईबरोबर उचललं जात नाही. झिगझॅगच्या मशीनवर सरळ टीप मारताना लहान गोल भोकाची प्लेट असेल तर ती बसवा. रुंद भोकात कापड सुईबरोबर खाली-वर होत राहतं.

नवी साधी सुई लावून सुती कापडावरही टाके सुटत असतील, तर सुई आणि शटल यांचा मेळच बिघडलेला असू शकतो. ते काम मिस्त्रीचं. आणि टाके एकही न सुटता लेगिंग घालताना शिवण तटकन तुटत असेल, तर दुखणं वेगळं आहे. सरळ टीप कापडाइतकी ताणली जात नाही. तिथे सुई बदलून काही होणार नाही, अर्धा मिलिमीटर रुंदीचा बारीक झिगझॅग मारावा लागेल.