गल्ला आणि यूपीआयचा हिशेब रात्री कसा जुळतो?

समजा, विरारमधल्या एका किराणा दुकानाची दिवसभराची बिलं १८,४०० रुपयांची झाली. उधारी नाही. सकाळी ठेवलेले सुटे पैसे वगळून गल्ल्यात ७,१५० रुपये आहेत. म्हणजे यूपीआयने ११,२५० यायला हवेत, पण दुकानाच्या अ‍ॅपमध्ये १०,९३० दिसतात. ३२० रुपये गेले कुठे?

दुकानदार आधी ३२० रुपयांचं बिल शोधतो. ते रात्री ८:१२ चं निघतं. अ‍ॅपमध्ये त्या वेळेची नोंद नाही. मग तो घरच्यांची खाती पाहतो, कारण ओळखीचे ग्राहक कधी क्यूआरऐवजी थेट मोबाइल नंबरवर पैसे पाठवतात. तिथेही नसतील, तर ग्राहकाकडून व्यवहाराचा १२ अंकी यूटीआर क्रमांक घेऊन बँकेत विचारायचं. नुसता स्क्रीनशॉट पुरेसा नाही. तो बनावट असू शकतो किंवा व्यवहार ‘पेंडिंग’ असू शकतो.