‘किंवा तत्सम’ हॉटेल आणि मंगळवारचा रोहतांग

सिमला-कुलू-मनालीहून परत येऊन आठवडा होत नाही तोच आमच्या सोसायटीतल्या एका काकूंनी विचारलं, “कशी झाली सहल? आम्हीही तीच घेतोय.” मी म्हणालो, “छान झाली.” घरी आल्यावर त्या उत्तराची मला लाज वाटली. त्या दोघं सत्तरीच्या जवळची, वर्षभराच्या बचतीतून जाणार होती. त्यांना ‘छान’चा काडीचाही उपयोग नव्हता. म्हणून मी कंपनीचं माहितीपत्रक पुढ्यात घेतलं आणि त्यातल्या एकेका शब्दाच्या शेजारी प्रत्यक्षात काय घडलं ते लिहायला बसलो.

माहितीपत्रकावर ठळक अक्षरांत होतं : 6 रात्री, 7 दिवस. आम्ही शुक्रवारी दुपारी चंदीगडहून निघालो आणि रात्री सिमल्याला पोचलो. शनिवारी कुफ्री आणि सिमला पाहिलं. रविवार सिमला ते मनाली या सुमारे अडीचशे किलोमीटरच्या घाटरस्त्यात गेला. सोमवारी मनाली गाव झालं, मंगळवारी रोहतांग, बुधवारी पुन्हा दिवसभर प्रवास करून चंदीगड आणि गुरुवारी नाश्ता करून निरोप. म्हणजे पाहण्याचे दिवस तीन. यात फसवणूक नाही, डोंगरात अंतरं कापायला वेळ लागतोच. पण ज्यांची कंबर दुखते त्यांना हा हिशोब आधी कळायला हवा. परीक्षण लिहिताना मी सगळ्यात वर हेच लिहिलं, की दोन दिवस सलग आठ-आठ तास गाडीत बसावं लागतं.

आता मंगळवारची गोष्ट. रोहतांग खिंडीत रोज किती पर्यटक गाड्या सोडायच्या यावर राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशानुसार मर्यादा आहे : 800 पेट्रोलच्या आणि 400 डिझेलच्या. प्रत्येक गाडीला परवाना लागतो, आणि मंगळवारी देखभालीसाठी रस्ता पर्यटकांना बंद असतो. ही माहिती मनालीतल्या कुठल्याही टॅक्सीवाल्याला तोंडपाठ असते. आमच्या कार्यक्रमपत्रिकेत मात्र पाचव्या दिवशी रोहतांग होता, आणि शुक्रवारी निघणाऱ्या प्रत्येक गटाचा पाचवा दिवस मंगळवारच येतो. खाली बारीक अक्षरांत ‘परवाना व हवामानाच्या अधीन’ असं होतं. सोमवारी रात्री जेवताना टूर मॅनेजरने सांगितलं, की रस्ता बंद असल्यामुळे उद्या अटल बोगद्यातून सिस्सूला जायचं, स्थानिक गाडीचे माणशी 1,500 रुपये वेगळे.

सिस्सू सुंदर आहे. चंद्रा नदी, समोरचा धबधबा आणि बोगद्यातून बाहेर पडताच बदललेला डोंगराचा रंग मी विसरणार नाही. तरीही परीक्षणात मी ते रोहतांगच्या खात्यात जमा केलं नाही. इथे एक भेद जपला पाहिजे असं मला वाटतं. दरड कोसळून रस्ता अडला असता तर त्यात कंपनीचा दोष नव्हता, आणि तेव्हा तिने आम्हाला कसं सांभाळलं एवढंच लिहायला हवं होतं. पण मंगळवार अचानक येत नाही. तो पैसे घेण्याच्या आधीपासून कॅलेंडरवर होता.

हॉटेलचंही असंच. पत्रकात शब्द होते : ‘मनाली येथे थ्री स्टार डिलक्स हॉटेल किंवा तत्सम’. पर्यटन मंत्रालय हॉटेलांना तारे देतं, त्या यादीत ‘फाइव्ह स्टार डिलक्स’ आहे. ‘थ्री स्टार डिलक्स’ नावाची श्रेणीच नाही. आणि सगळा खेळ ‘किंवा तत्सम’ या दोन शब्दांत आहे. आमचं हॉटेल मनालीच्या अलीकडे, कटराईनच्या बाजूला, माल रोडपासून 18 किलोमीटरवर निघालं. खोली मोठी होती, चादरी स्वच्छ होत्या, खिडकीतून सफरचंदांची बाग दिसायची. पण संध्याकाळी बाजारात फिरायचं तर टॅक्सी करावी लागे. गरम पाणी सकाळी सहा ते आठ एवढंच, आणि आम्ही मुक्कामाला पोचलो रात्री नऊला. लिफ्ट नव्हती, आमची खोली तिसऱ्या मजल्यावर. नुसतं ‘हॉटेल बरं होतं’ लिहिलं असतं तर यातलं काहीच काकूंपर्यंत पोचलं नसतं. त्यांच्या गुडघ्यांसाठी लिफ्टचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं होतं.

जेवणाबद्दल फार लिहिलं नाही. वरण-भात रोज मिळाला, एकदा पुरणपोळीही.

आता गाइड. मराठी कंपन्यांच्या सहलीत टूर मॅनेजर असतो; माणसं मोजणं, खोल्या वाटणं, औषध आणून देणं ही कामं तो करतो. आमचा मॅनेजर या कामात उत्तम होता. एका आजोबांना रात्री उलट्या झाल्या तेव्हा तो पहाटेपर्यंत त्यांच्या उशाशी बसला. ते मी नीट लिहिलं. पण माहितीपत्रकात ‘जाणकार गाइडसह’ असंही होतं आणि ते वेगळं तपासायला हवं. सिमल्यात व्हाइसरॉयचा जुना वाडा आहे, 1888 साली पूर्ण झालेला. आता तिथे उच्च अध्ययन संस्था आहे. 1945 ची सिमला परिषद तिथेच झाली. आमच्या गाइडने मात्र बागेत उभं राहून सांगितलं, की इंदिरा गांधी आणि भुत्तो यांनी 1972 चा करार याच इमारतीत केला. तो करार झाला जुन्या बार्न्स कोर्टमध्ये. हिडिंबा मंदिरातही तसंच : 1553 सालचं देवदाराच्या लाकडाचं बांधकाम, उतरंडीसारखी चढत गेलेली छपरं, दारावरचं कोरीव काम, आणि हे पाहायला आम्हाला मिळाली वीस मिनिटं, शेजारच्या शालींच्या दुकानात पाऊण तास. गाइडचं ज्ञान कसं होतं हे लिहायचं तर त्याने सांगितलेली एक गोष्ट घ्यावी, घरी येऊन पडताळावी, आणि कुठे किती वेळ थांबवलं ते घड्याळ पाहून टिपावं. ‘गाइडला काही येत नव्हतं’ या वाक्यापेक्षा ते न्यायाचं होतं.

राहिले पैसे. दोघांचे मिळून 57,000 रुपये ठरले होते. त्यावर 5 टक्के जीएसटी वेगळा, 2,850 रुपये. सिस्सूच्या गाडीचे 3,000. बर्फातले कोट आणि बूट यांचं भाडं दोघांचं 600. कुफ्रीला बस थांबते तिथून वर जायला घोडे, त्यांचे 1,200. ड्रायव्हर आणि मदतनिसांची टिप रोज माणशी 100 याप्रमाणे सात दिवसांची 1,400. ती ऐच्छिक म्हणायची, पण पहिल्याच दिवशी बसमध्ये गोळा झाली. बेरीज 9,050, म्हणजे मूळ रकमेच्या जवळपास सहावा हिस्सा. यातला जीएसटी आणि घोडे पत्रकाच्या शेवटच्या पानावर ‘समाविष्ट नाही’ या मथळ्याखाली होते, मी वाचले नव्हते; तो दोष माझा आणि तसं मी लिहिलं. गाडी आणि टिप कुठेच नव्हती. छुपा खर्च म्हणायचा तर या 4,400 रुपयांनाच. सगळे 9,050 कंपनीच्या माथी मारले असते तर माझ्या उरलेल्या म्हणण्यावरही कुणी विश्वास ठेवला नसता.

हे सगळं आठवून लिहिता आलं नसतं. पत्नीला रोज रात्री हिशोब लिहायची सवय आहे; तिच्या वहीत निघाल्या-पोचल्याच्या वेळाही होत्या आणि पावत्या मधल्या पानांत खोचलेल्या होत्या.

दोन पानं झाली. वर महिना, माणशी दर आणि आमची वयं टाकली, कारण पंचविशीतल्या जोडप्याला तिसऱ्या मजल्याचं काही वाटणार नाही. पानं काकूंना दिली. त्यांनी कंपनीला फोन करून हॉटेलचं नाव, माल रोडपासूनचं अंतर आणि लिफ्ट आहे का, हे ईमेलवर लिहून मागितलं. चार दिवसांनी उत्तर आलं, हॉटेल दुसरं होतं, मनाली गावातलं, लिफ्ट असलेलं. शुक्रवारची तारीख सोडून त्यांनी शनिवारी निघणारा गट घेतला. त्यांचा पाचवा दिवस आता बुधवारी येतो.