ट्रॅपमधलं पाणी कधी उतरलं?

सोमवारी हॉटेलला सुट्टी. मंगळवारी सकाळी शटर वर जातं आणि स्वयंपाकघरातून सडक्या अंड्यांचा भपकारा येतो. अकरा वाजेपर्यंत भांडी घासायला सुरुवात होते, वास कमी होतो, दुपारच्या गर्दीत कुणाला आठवतही नाही. मालक फिनाइल ओतून पाहतो, कचऱ्याचे डबे बदलतो, पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावतो. पुढच्या मंगळवारी वास पुन्हा हजर. वास सुट्टीनंतरच का येतो, हा प्रश्न मात्र सहसा कुणी विचारत नाही.

त्याचं उत्तर फरशीतल्या जाळीखाली असतं. व्यावसायिक स्वयंपाकघरात फरशी धुतलेलं पाणी उताराने जाळीकडे जातं आणि जाळीखालच्या नाहणी ट्रॅपमधून पाइपात उतरतं. ट्रॅपच्या वळणात थोडं पाणी कायम साचून राहतं. गटारातली हवा आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये आडवं असतं ते एवढंच पाणी. त्याला वॉटर सील म्हणतात आणि त्याची खोली निदान 50 मिलिमीटर असावी लागते. इमारतीबाहेर, भिंतीलगत असतो तो गल्ली ट्रॅप. मोरीचं सांडपाणी चेंबरमध्ये जाण्याआधी त्यातून जातं, म्हणजे गटाराच्या बाजूने पाहिलं तर हा पहिला अडसर. बाहेरचा आणि आतला असे दोन्ही अडसर शाबूत असतील तर वास येता कामा नये.

पहिला संशय एक्झॉस्ट फॅनवर घेतला जातो, आणि तो अर्धाच बरोबर आहे. चुलीवरचा मोठा हूड खोलीतली हवा ओढतो, बाहेरून तेवढी आत आली नाही तर आतला दाब थोडा घटतो. पण 50 मिलिमीटर पाण्याचा स्तंभ हलवायला सुमारे 490 पास्कल दाब लागतो. स्वयंपाकघरात एक्झॉस्टमुळे पडणारा फरक त्याच्या कितीतरी खाली असतो. म्हणजे भरलेलं सील पंखा फोडत नाही. ते आधीच गेलं असेल, तर मात्र हाच पंखा गटारातली हवा आत खेचून आणतो.

हाँगकाँगमध्ये 2003 साली नेमकं हेच घडल्याचं तिथल्या तपासात दिसलं. अमॉय गार्डन्स या वसाहतीत सार्सची लागण 321 जणांना झाली. तिथले रहिवासी बाथरूमची फरशी पाण्याने धुण्याऐवजी पुसून घेत, त्यामुळे फरशीतल्या ट्रॅपना पाणीच मिळत नव्हतं आणि ते कोरडे पडले होते. दार लावून एक्झॉस्ट सुरू केला की मैलापाण्याच्या पाइपातली दूषित हवा बाथरूममध्ये ओढली जायची. लागण पसरण्याचा हाच मार्ग असण्याची शक्यता तपासात सर्वांत जास्त मानली गेली. हॉटेलच्या स्वयंपाकघरात सहसा एवढं आक्रीत घडत नाही. तिथे त्रास असतो तो वासाचा, झुरळांचा आणि मोरीवर घोंघावणाऱ्या बारीक माश्यांचा.

सील का गेलं हे शोधायला यंत्र लागत नाही, तंदूरची एक जुनी सळई पुरते. जाळी उचलायची, बादलीभर पाणी ओतायचं, ते स्थिर झालं की सळई तळापर्यंत बुडवून ओली लांबी मोजायची. समजा ती 11 सेंटिमीटर भरली. सील 5 सेंटिमीटरचं असेल, तर पाणी 6 वर येताच हवेला वाट मोकळी होते. आता शेजारच्या मोठ्या सिंकमध्ये काठोकाठ पाणी भरून बूच एकदम काढायचं. जाळीखालून गुडगुड ऐकू आली आणि सळई 9 दाखवू लागली, तर सिंकच्या पाण्याने जाताजाता ट्रॅपमधलं पाणी ओढून नेलं असं समजावं. त्या लाइनला हवेचा पाइप नाही किंवा तो तुंबलेला आहे.

आपल्या मंगळवारच्या हॉटेलात या चाचणीनंतरही सळई 11 वरच राहिली, असं धरू. मग रात्री बंद करताना मोजलं, 11. सकाळी मोजलं, 9. एका रात्रीत दोन सेंटिमीटर बाष्पीभवनाने उडत नाहीत. नुसतं वाळून सील जायला कित्येक आठवडे लागतात. टॉर्च मारून पाहिलं तर ट्रॅपच्या बाहेर जाणाऱ्या तोंडावर मॉपच्या सुताचा झुपका अडकलेला. त्याचं एक टोक पाण्यात, दुसरं पलीकडे पाइपात लोंबतं. दिव्याच्या वातीसारखं ते सूत रात्रभर पाणी चढवून पलीकडे ठिबकवत राहतं. रोज सकाळी फरशी धुतली की तूट भरून निघते, म्हणून एरवी कळत नाही. रविवारी रात्रीपासून मंगळवार सकाळपर्यंत भर पडत नाही आणि सील संपतं. झुपका काढून पुन्हा रात्र-सकाळ मोजायचं. तरीही पाणी उतरत असेल तर ट्रॅपला तडा आहे किंवा सांधा गळतोय, आणि खालच्या छतावर ओल शोधावी लागते.

तळमजल्यावर हॉटेल आणि वर फ्लॅट अशा इमारतींत उलटाही प्रकार होतो. वरून पाणी धो धो येतं तेव्हा उभ्या पाइपाच्या पायथ्याशी दाब वाढतो आणि जाळीतून बुडबुडे किंवा घाण पाणी वर उसळतं. इथे सळई उपयोगाची नाही. तळमजल्याची लाइन उभ्या पाइपाला न जोडता वेगळी काढून थेट बाहेरच्या चेंबरला न्यावी लागते.

मात्र सील जाण्याचं एक कारण हॉटेलवाल्यांच्या स्वतःच्याच हातचं असतं. बऱ्याच नाहण्यांत जाळीखाली एक उलटा कप असतो आणि सील त्या कपामुळेच तयार होतं. भाताची शितं, डाळीची सालं आणि थिजलेलं तेल त्याच्या कडेला साचतं, पाणी हळू उतरतं, मोरीत तळं होतं. गर्दीच्या वेळी भांडी घासणारा पोरगा कप उपसून कोपऱ्यात ठेवतो. पाणी झटकन जातं, पण पाइप आता सरळ उघडा पडलेला असतो. प्लंबर येऊन पहिलं विचारतो, "शेठ, कप कुठाय?" अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय प्लंबिंग संहितेत कपाच्या अशा ट्रॅपना मनाईच आहे. पोरग्याला रागावून फायदा नाही. सील पाइपाच्या वळणातच असणारा ट्रॅप बसवावा आणि त्याच्या वर खरकटं अडवणारी, हाताने उचलता येणारी भोकांची स्टीलची टोपली ठेवावी. ती दर पाळीनंतर कचऱ्यात रिकामी केली की सील जागेवर राहतं.

उचलता येणं हीच खरी अडचण असते. जाळीवर फ्रीज ठेवलेला असतो, स्क्रू गंजून बसलेले असतात, किंवा लांब नालीवर दोन माणसांनाही न हलणारी अखंड जाळी असते. एका माणसाला उचलता येतील असे जाळीचे तुकडे करून घेतले तर ती रोज निघते. तेल तुंबलं म्हणून उकळतं पाणी ओतणंही फसवं असतं. तेल पातळ होऊन पुढे जातं आणि हाताला न लागणाऱ्या जागी थिजतं.

गल्ली ट्रॅपला सळ्या घालून सफाई करायला एक वेगळं तोंड असतं, त्याला बूच लावलेलं असतं. हे तोंड सीलच्या पलीकडे, गटाराच्या बाजूला उघडतं. सफाईनंतर बूच परत बसवलं नाही, तर ट्रॅप काठोकाठ भरलेला असूनही वास येतो. फरशीतली सगळी सीलं पुरी असूनही मागच्या दाराशी वास येत असेल, तर आधी हे बूच तपासावं. तुंबलेलं काढायचं तेही याच तोंडातून, वर उभं राहून. चेंबरमध्ये माणूस उतरवायचा नाही. गटार आणि सेप्टिक टँकची अशी धोकादायक सफाई करवून घेण्यावर 2013 च्या कायद्याने बंदी आहे.