वांग्याचे दोन अर्थ

मोबाइलवरच्या निरोपात वांग्याचं चित्र कधी जातच नाही. जातो फक्त एक क्रमांक: U+1F346. इमोजींना क्रमांक देणाऱ्या युनिकोड संस्थेने तो २०१० साली वांग्याला दिला. त्या क्रमांकाचं चित्र समोरचा फोन आपल्या पद्धतीने काढतो. आणि अर्थ? तो ना क्रमांकात असतो ना फोनमध्ये, तो माणसं ठरवतात!

हिंगोलीतल्या एखाद्या आजीबाई मार्गशीर्षात चंपाषष्ठीला कुटुंबाच्या ग्रुपवर 🍆 टाकतात, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे खंडोबाचा नैवेद्य असतो: वांग्याचं भरीत आणि रोडगा. अनेक घरांत चातुर्मासभर वांगं वर्ज्य असतं आणि ते याच दिवशी पुन्हा ताटात येतं. त्या चित्राचा याहून सात्त्विक अर्थ कुठला असणार? पण पुण्यात शिकणारा नातू तेच चित्र पाहून चपापतो. त्याच्या पिढीत त्या लांबट जांभळ्या आकाराचा अर्थ पुरुषाचं लिंग असा होतो.

आता मूळ गावी जाऊ. हे चित्र जपानी मोबाइल कंपन्यांच्या चित्रसंचातून आलं. जपानमध्ये नववर्षाच्या पहिल्या स्वप्नात फुजी पर्वत, ससाणा किंवा वांगं दिसणं शुभ मानतात. म्हणजे जपानी आजीचं वांगंही हिंगोलीच्या आजीच्या वांग्याइतकंच मंगल! चावट अर्थ जगभर पसरला तो पुढे, अमेरिकेतल्या तरुण वापरकर्त्यांमुळे. २०१५ मध्ये इन्स्टाग्रामवर इमोजींचे हॅशटॅग सुरू झाले, तेव्हा या एका भाजीचा शोध कंपनीने बंद ठेवला. पीच फळाचं 🍑 असंच नितंबांसाठी रूढ झालं. २०१६ मध्ये ॲपलने चाचणी आवृत्तीत ते अधिक फळासारखं काढून पाहिलं, तर लोकांनी ओरड केली आणि जुना आकार परत आला. चित्र कंपनीचं असलं तरी अर्थावर तिची मालकी चालत नाही, याचा इतका ठसठशीत पुरावा मला दुसरा माहीत नाही.

अंगठ्याचंही असंच आहे. आपल्याकडे 👍 म्हणजे 'ठीक आहे', पण इराणमध्ये जुन्या पिढीला ती खूण शिवीसारखी लागते.

मग ओळखायचं कसं? शेजारी काय आहे ते पाहावं. भाव, किलो, भरीत, रोडगा असे शब्द असतील तर ती भाजीच. चित्र एकटंच असेल, किंवा सोबत 🍑 अथवा 💦 असेल, तर रोख बहुधा दुसरा. हे थेंबसुद्धा मुळात जपानी चित्रकथांतले घामाचे! मात्र पाठवणारा कोण, हे शब्दांइतकंच महत्त्वाचं. आजी पावसाच्या आनंदातही 💦 टाकू शकते. नातवंडांनो, तिला हसू नका, एकदा नीट समजावून सांगा. आणि अनोळखी क्रमांकावरून मुलीला अशी चित्रं येत राहिली, तर स्क्रीनशॉट जपून ठेवा. cybercrime.gov.in वर त्याची तक्रार नोंदवता येते.