तीन हंगाम, दोन डमी

नाशिक जिल्ह्यात कांद्याचे तीन हंगाम असतात: खरीप, रांगडा आणि उन्हाळी. हंगामामुळे भावात किती फरक पडतो हे रिग्रेशनने मोजायचं, तर हंगामाचं नाव आकड्यात मांडावं लागतं. खरिपाला १, रांगड्याला २, उन्हाळीला ३ असं करून चालत नाही, कारण मग लागोपाठच्या दोन हंगामांतला फरक सारखाच आहे असं आपणच ठरवून टाकतो. म्हणून प्रत्येक हंगामाचा वेगळा स्तंभ करतात. माल त्या हंगामातला असेल तर १, नसेल तर ०. या स्तंभांना डमी म्हणतात.

हंगाम तीन, तेव्हा डमीही तीन घ्यायचे, हे कुणालाही सरळ वाटेल. पण रिग्रेशनच्या समीकरणात सहसा एक इंटरसेप्टही असतो, म्हणजे सगळ्या नोंदींना सारखाच लागू होणारा स्थिर आकडा. त्याचा स्तंभ आपण तक्त्यात लिहीत नाही, तरी तो असतो आणि त्यात वरपासून खालपर्यंत १ च असतो. आता तीन डमींची ओळवार बेरीज करून बघा. कांदा कोणत्या तरी एकाच हंगामातला असणार, त्यामुळे प्रत्येक ओळीत बेरीज १ च येते. म्हणजे इंटरसेप्टचा स्तंभ डमींमध्ये आधीच दडलेला आहे. चार स्तंभ दिसतात, पण माहिती तिघांचीच आहे.

याने बिघडतं काय, ते आकड्यांत पाहू. सोयीसाठी समजा, क्विंटलमागे सरासरी भाव खरिपात २४००, रांगड्यात १४०० आणि उन्हाळीत १००० रुपये आहे. इंटरसेप्ट ० धरला तर तीन सहगुणक हेच तीन आकडे. इंटरसेप्ट १००० धरला तर सहगुणक १४००, ४०० आणि ०. इंटरसेप्ट ५००० धरला तर उणे २६००, उणे ३६०० आणि उणे ४०००. तिन्ही उत्तरं बेरजेनंतर तेच भाव देतात, त्यामुळे चुकीच्या वर्गांची बेरीजही तीच येते. सर्वांत कमी चूक देणारं उत्तर निवडणं एवढंच या पद्धतीला येतं, आणि इथे तशी उत्तरं अगणित आहेत. गणिताच्या भाषेत, जो मॅट्रिक्स उलटवायचा त्याचा डिटर्मिनंट शून्य होतो. आणखी दहा वर्षांचे भाव गोळा केले तरी उपयोग नाही, कारण नव्या प्रत्येक ओळीतही बेरीज १ च येणार.

डॅनियल सूट्स या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९५७ साली डमींवरच्या निबंधात ही अडचण आणि तिची उकल मांडली होती. रुळलेली वाट म्हणजे एक डमी गाळणे. उन्हाळीचा गाळला, तर इंटरसेप्ट १००० येतो, खरिपाचा सहगुणक १४०० आणि रांगड्याचा ४००. उन्हाळी कुठे हरवला नाही; इंटरसेप्ट हाच त्याचा भाव झाला आणि बाकीचे दोन आकडे त्याच्या तुलनेतले फरक झाले. खरीप गाळला तर आकडे बदलतील, हंगामांमधले फरक तेच राहतील. पाया निवडताना मात्र भरपूर नोंदी असलेला हंगाम घ्यावा. पायालाच मोजक्या नोंदी असतील, तर त्याच्याशी केलेली प्रत्येक तुलना डळमळीत होते.

खरी काळजी वाटते ती सॉफ्टवेअरच्या वागण्याची. R मध्ये तिन्ही डमी दिले:

```
lm(bhav ~ kharif + rangda + unhali)
```

तर शेवटच्या सहगुणकापुढे `NA` येतं आणि गडबड दिसते. पायथनमधलं `statsmodels` मात्र इंटरसेप्ट आणि तिन्ही डमी दिले तरी थांबत नाही. अगणित उत्तरांतून ज्याच्या आकड्यांच्या वर्गांची बेरीज सर्वांत कमी, ते उत्तर ते उचलतं. आपल्या उदाहरणात ते असं येईल: इंटरसेप्ट १२००, खरीप १२००, रांगडा २००, उन्हाळी उणे २००. आकडे नीटनेटके दिसतात, आणि उन्हाळी हंगाम भाव २०० रुपयांनी पाडतो असं वाचण्याचा मोह होतो. पण कशाच्या तुलनेत २००? त्या १२०० ला बाजारात काही अर्थच नाही. सारांशाच्या तळाशी मॅट्रिक्स सिंग्युलर असू शकतो अशी सूचना असते, ती वाचायलाच हवी. भावाचा अंदाज मात्र या उत्तरातूनही बरोबर येतो, म्हणूनच नुसते अंदाज तपासून ही चूक सापडत नाही.

इंटरसेप्ट काढून तिन्ही डमी ठेवले तरी चालतं. मग प्रत्येक सहगुणक म्हणजे त्या हंगामाचा सरासरी भाव. पण तक्त्यात बाजार समितीही आली, समजा लासलगाव आणि पिंपळगाव, की ही युक्ती अपुरी पडते. हंगामांच्या डमींची बेरीज १ आणि बाजारांच्या डमींचीही बेरीज १, म्हणजे इंटरसेप्ट नसतानाही दोन्ही गट एकमेकांत अडकतात. तिथे इंटरसेप्ट ठेवून प्रत्येक गटातला एक डमी गाळावा. उन्हाळी आणि लासलगाव गाळले, तर इंटरसेप्ट म्हणजे लासलगावातल्या उन्हाळी कांद्याचा अंदाजित भाव, आणि पिंपळगावचा सहगुणक म्हणजे त्याच हंगामात तिथे मिळणारा कमी-जास्त भाव.