वीस न्यूटनची स्प्रिंग, दोनशे ग्रॅमचं वजन

बारावीच्या फिजिक्समध्ये ऑसिलेशन्सच्या धड्याखाली या जातीचं एक गणित हमखास असतं. हुकाला एक स्प्रिंग टांगली आहे, तिचा स्थिरांक मीटरला २० न्यूटन. खालच्या टोकाला २०० ग्रॅमचं वजन अडकवलं. ते स्थिर झाल्यावर ५ सेंटिमीटर खाली ओढून सोडून दिलं. आवर्तकाल काढा, सर्वाधिक वेग काढा, एकूण ऊर्जा काढा, आणि शेवटी आलेख काढा. सूत्रं पाठ असलेली मुलं पहिले तीन भाग चटकन उरकतात. आलेखापाशी मात्र पेन्सिल अडखळते, कारण तिथं सूत्र कामाला येत नाही, वजन डोळ्यांसमोर हलताना दिसावं लागतं.

आधी वजन टांगल्यावर काय होतं ते पाहू. ०.२ किलोचं वजन पृथ्वी १.९६ न्यूटन बलाने खाली ओढते. ही स्प्रिंग एक मीटर ताणायला २० न्यूटन लागतात, म्हणजे १.९६ न्यूटनला ती ९.८ सेंटिमीटर ताणली जाते आणि वजन तिथं थांबतं. वर्गात जिला सगळे ‘मीन पोझिशन’ म्हणतात ती ही जागा. पुढचं सगळं मोजमाप इथून करायचं, स्प्रिंगच्या मूळ लांबीपासून नाही. गुरुत्वाकर्षणाचं काम एवढंच, की त्याने झोक्याचा मध्य ९.८ सेंटिमीटर खाली सरकवला. त्यानंतर वजन मध्यापासून जितकं दूर जाईल, तितक्याच प्रमाणात त्याला मध्याकडे परत खेचणारं बल वाढतं. सरल आवर्त गतीची अट एवढीच आहे.

आवर्तकालाचं सूत्र T = 2π√(m/k). त्यात ०.२ आणि २० घातले की उत्तर येतं ०.६२८ सेकंद. या सूत्रात काय नाही हे बघण्यासारखं आहे. g नाही, आणि वजन किती खाली ओढलं तेही नाही. ५ सेंटिमीटरऐवजी अडीच ओढलं तरी एका फेरीला तेवढाच वेळ. जायचं अंतर निम्मं झालं हे खरं, पण परत खेचणारं बलही निम्मंच झालं, त्यामुळे प्रत्येक क्षणाचा वेगही निम्मा. वजन कमी अंतर रमतगमत कापतं आणि वेळ तीच राहते.

मग जास्त ओढलं तर? ९.८ सेंटिमीटरपर्यंत काही बिघडत नाही. त्यापलीकडे ओढलं तर वर जाताना वजन अशा जागी पोचतं, की स्प्रिंगचा ताण पूर्ण संपलेला असतो. प्रयोगशाळेतल्या बहुतेक स्प्रिंगांची वेटोळी एकमेकांना चिकटलेली असतात, त्या आणखी दाबल्या जात नाहीत. वजन आकड्यात सैल होतं, खडखडतं, आणि आपली छान गती तिथंच संपते. गणितात हा ५ चा आकडा म्हणून जपून दिलेला असतो. तो कुणी विचारपूर्वक दिला की सहज जमून गेला, हे पेपर काढणाऱ्यालाच ठाऊक.

आता ऊर्जा. सूत्राने एकूण ऊर्जा ½kA², म्हणजे ०.०२५ ज्यूल. इथं एखादी चौकस मुलगी विचारते, ‘सर, तळाशी स्प्रिंग ५ सेंटिमीटर नाही, १४.८ ताणलेली आहे. मग ½kA² मध्ये ५ का घालायचे?’ तिचा प्रश्न रास्त आहे, आणि ‘सूत्र तसंच आहे’ म्हणून तिला खाली बसवू नये. सगळा हिशेब मांडून बघावा. तळाशी १४.८ सेंटिमीटर ताणलेल्या स्प्रिंगेत ०.२१९ ज्यूल आहेत. उंची तळापासून मोजली, तर गुरुत्वीय ऊर्जा शून्य आणि वेगही शून्य. वरच्या टोकाला ताण उरतो ४.८ सेंटिमीटर, त्याचे ०.०२३ ज्यूल. वजन १० सेंटिमीटर वर चढलं, त्याचे ०.१९६. बेरीज पुन्हा ०.२१९. मध्यावर स्प्रिंगेत ०.०९६, उंचीचे ०.०९८, मिळून ०.१९४. एकूण ०.२१९ मधून हे वजा केले की ०.०२५ ज्यूल उरतात, आणि ती सगळी गतिज ऊर्जा. म्हणजे स्प्रिंगेची आणि गुरुत्वाची स्थितिज ऊर्जा एकत्र धरून ती मध्यापासून मोजली, की १४.८ विसरून नुसते ५ घालायला हरकत नाही. पण कुणी निव्वळ स्प्रिंगची ऊर्जा विचारली, तर १४.८ च घ्यावे लागतील. परीक्षेत या एका शब्दावर गुण जातात.

या ०.०२५ ज्यूलवरून सर्वाधिक वेग सेकंदाला अर्धा मीटर येतो, तोही फक्त मध्यावर. मध्य आणि टोक यांच्या निम्म्या वाटेवर, २.५ सेंटिमीटरवर, स्थितिज ऊर्जा निम्मी नसते, पावच असते, कारण ती अंतराच्या वर्गावर चालते. उरलेली पाऊण गतिज. दोन्ही सारख्या होतात त्या ३.५ सेंटिमीटरच्या जराशा पुढे.

आलेखात नेमकी हीच गोष्ट चुकते. विस्थापन आणि काळाचा आलेख काढताना पुष्कळ मुलं करवतीचे दाते काढतात, काहीजण अर्धवर्तुळांची रांग. दोन्ही चूक. टोकापासून निम्म्या वाटेपर्यंत, म्हणजे ५ वरून २.५ वर यायला, वजनाला ०.१०५ सेकंद लागतो. पुढचे तेवढेच अडीच सेंटिमीटर ते ०.०५२ सेकंदात, बरोबर निम्म्या वेळात संपवतं. म्हणून वक्र टोकाला रेंगाळल्यासारखा गोलसर हवा, आणि मध्याची आडवी रेघ ओलांडताना सर्वांत उभा. हे दोन आकडे मांडून तीन बिंदू टाकले तरी हात आपोआप बरोबर वळतो.

ऊर्जेच्या आलेखात दुसरा सापळा आहे. ऊर्जा विस्थापनाच्या अक्षावर काढायची की काळाच्या, हे प्रश्नात नीट वाचावं. विस्थापनावर काढली तर स्थितिज ऊर्जेचा वाडग्यासारखा परवलय आणि गतिज ऊर्जेचा त्याचाच उलटा. काळावर काढली तर लाटा, पण त्या आडव्या अक्षाच्या खाली कधीच जात नाहीत आणि त्यांचा आवर्तकाल ०.६२८ नसून ०.३१४ सेकंद असतो. एका पूर्ण फेरीत वजन मध्यातून दोनदा जातं, एकदा वर चढताना आणि एकदा खाली येताना. वेगाची दिशा बदलली तरी गतिज ऊर्जेला त्याचं काही नाही, ती दोन्ही वेळा शिखरावर असते. विस्थापनाच्या एका लाटेखाली ऊर्जेच्या दोन लाटा दिसल्या नाहीत, तर आकृती खोडून पुन्हा काढावी.

हेच गणित प्रॅक्टिकलच्या टेबलावर नेलं की मजा येते. २० फेऱ्यांची वेळ स्टॉपवॉचवर घ्यायची, २० ने भागायचं. पुस्तकी हिशेबाने १२.५७ सेकंद यायला हवेत. प्रत्यक्षात स्प्रिंगलाही वस्तुमान असतं. तिचं वरचं टोक हलत नाही, खालचं वजनाइतकंच हलतं, आणि सगळा हिशेब केल्यावर तिच्या वस्तुमानाचा एक तृतीयांश भाग वजनात मिळवावा लागतो. समजा स्प्रिंग ६० ग्रॅमची आहे. मग २०० ऐवजी २२० ग्रॅम धरायचे आणि आवर्तकाल येतो ०.६५९ सेकंद. २० फेऱ्यांना १३.१८.

आता नेहमीची एक चूक त्यात घाला. वजन सोडताना किंवा मध्यावरून जाताना घड्याळ सुरू करतो त्या क्षणी ‘एक’ म्हणायचं, आणि ‘वीस’ला घड्याळ थांबवायचं. मोजायला हवं ‘शून्य’पासून. ‘एक’पासून मोजलं की फेऱ्या होतात १९, भागतो मात्र आपण २० ने. १९ फेऱ्यांना लागतात १२.५२ सेकंद, आणि २० ने भागल्यावर येतात ०.६२६. पुस्तकी उत्तर ०.६२८! दोन चुकांनी एकमेकींना झाकलं, वहीवर बरोबरची खूण पडली.

अशी चूक एका रीडिंगवरून पकडता येत नाही. वजनं बदलून पाच-सहा रीडिंगं घ्यायची आणि T चा वर्ग उभ्या अक्षावर, वजन आडव्या अक्षावर मांडायचं. सरळ रेषा मिळते. ती आरंभबिंदूतून जात नाही. मागे वाढवली तर आडव्या अक्षाला उणे २० ग्रॅमपाशी कापते, आणि तिथं स्प्रिंगचा तिसरा हिस्सा उघडा पडतो. फेऱ्या चुकीच्या मोजल्या असल्या तरी ही जागा हलत नाही, पण रेषेचा चढ कमी होतो. चढावरून k काढला की २० ऐवजी २२.२ येतो. त्याच स्प्रिंगला फेऱ्याबिऱ्या न मोजता नुसतं वजन अडकवून पट्टीने ताण मोजला, तर k येतो २०. दोन रीतींच्या k मध्ये दहा टक्क्यांचा फरक पडला, तर स्प्रिंगला दोष देण्याआधी मोजायची सुरुवात ‘शून्य’ने केली होती का, ते आठवावं.

सूत्रात g नसण्याचा फायदा १९७३ मध्ये अमेरिकेच्या स्कायलॅब या अंतराळस्थानकात घेतला गेला. तिथं तराजूचा उपयोग नाही, कारण माणूस त्यावर भारच देत नाही. अंतराळवीर आणि डॉक्टर विल्यम थॉर्नटन यांनी त्यासाठी स्प्रिंगवर हलणाऱ्या आसनाचं यंत्र तयार केलं होतं. अंतराळवीराने त्यात बसायचं, आसन मागेपुढे हलवून सोडायचं, आणि एका फेरीला किती वेळ लागतो ते मोजायचं. हिशेबाची रीत आपल्या गणिताचीच. समजा स्प्रिंगचा स्थिरांक मीटरला ६०० न्यूटन, रिकाम्या आसनाचा आवर्तकाल ०.९ सेकंद आणि माणूस बसल्यावर २.१ सेकंद. दोन्ही आवर्तकालांचे वर्ग केले, ४.४१ मधून ०.८१ वजा केले, उरलेल्या ३.६ ला ६०० ने गुणून 4π² ने, म्हणजे सुमारे ३९.५ ने भागलं, की माणूस ५४.७ किलोचा. आसनाचं आणि स्प्रिंगचं स्वतःचं वस्तुमान त्या वजाबाकीत आपोआप निघून जातं. अडचण असते ती माणसाच्या शरीराची. ते लोखंडाच्या वजनासारखं एकसंध नाही. हातपाय सैल सोडले तर ते आसनाच्या मागून हलतात, आणि पोटातले अवयव तर कुणाच्याच ताब्यात नसतात. म्हणून अशा आसनावर अंग घट्ट आवळून बसावं लागतं, आणि एका रीडिंगवर न थांबता आणखी रीडिंगं घ्यावी लागतात.